तुटलेल्या मेसेजमधला आकडा, तारीख आणि कलम अंदाजाने भरायचं नाही, का ते सांगतो

माझं अमळनेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, आणि खरं सांगायचं तर अर्धा दिवस झेरॉक्स कमी आणि मेसेज वाचून दाखवणं जास्त चालतं. खेड्यावरून माणूस येतो, मोबाईल पुढे करतो, "भाऊ, काय लिखेल शे, कितला पैसा सेत?" मग मी वाचतो. आणि निम्म्या वेळी मेसेज पूर्णच नसतो.

मार्चमधली गोष्ट आहे. एक अप्पा आले, कापूस विकून पैसे हातात आलेले, खिशात साधा बटनांचा फोन. म्हणे बँकेत पैसे भरायचेत, स्लिप भरून दे, एक लाख अठ्ठेचाळीस हजार. म्हटलं अप्पा आकडा कुठून आला, तर म्हणे पुतण्याने मेसेज वाचला, मार्च एंडपर्यंत भरायचेत. मी फोन घेतला तर मेसेज एवढाच होता:

"आपल्या कर्ज खात्यावर एकरकमी परतफेड योजनेनुसार भरायची रक्कम रु. १,४८"

बस. पुढे काही नाही. टिंब नाही, बँकेचं नाव नाही, तारीख तर नाहीच नाही. म्हणजे "हजार" पुतण्याने लावले आणि "मार्च एंड" पण त्यानेच लावलं. वाईट हेतू काही नव्हता, पोरगं हुशार आहे, कॉलेजला जातं, आणि हुशार माणूसच जास्त अंदाज लावतो असा माझा अनुभव आहे. ज्याला काही कळत नाही तो विचारायला तरी जातो.

आता मेसेज बरोबर तिथेच का तुटला ते आधी बघू, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे.

एक एसएमएस म्हणजे १४० बाइटचा डबा. इंग्रजी अक्षरं त्यात दाटीवाटीने बसतात, १६० मावतात. मराठी अक्षराला मात्र दोन बाइट लागतात म्हणून फक्त ७० मावतात. आणि इथे अक्षर म्हणजे आपण मोजतो तसं नाही, काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरातलं हलन्त पण वेगळं मोजलं जातं, म्हणजे "कर्ज" हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो पण फोनच्या हिशोबात चार. मेसेज ७० पेक्षा लांब झाला की त्याचे तुकडे करून पाठवतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी ६ बाइटची चिठ्ठी लागते, हा अमुक मेसेज, एकूण तुकडे तीन, त्यातला हा पहिला. त्या चिठ्ठीने जागा खाल्ली की मराठीसाठी उरतात ६७.

अप्पांचा मेसेज मी तिथेच बसून बोटावर मोजला, काना मात्रा स्पेस सगळं धरून. बरोबर ६७ निघाले. म्हणजे बँकेने आकडा अर्धवट टाकला नव्हता, हा लांब मेसेजचा पहिला तुकडा होता आणि बाकीचे तुकडे फोनवर पोचलेच नव्हते. हे तुकडे वेगवेगळे प्रवास करतात. एखादा मागे राहतो, एखादा हरवतो, जुन्या फोनची मेमरी भरलेली असली तर बसतच नाही. काही फोन सगळे तुकडे आल्याशिवाय काही दाखवत नाहीत, काही आलं तेवढं दाखवून मोकळे होतात. महत्त्वाची गोष्ट ही की यंत्राला तुकडा पाडताना शब्द कुठे संपला, आकडा कुठे संपला याचं काही देणंघेणं नसतं. ६७ झाले की कट. रताळं कापल्यासारखं.

आता तो "१,४८" नीट बघा. पुढे एकच अंक असेल तर रक्कम १,४८० ते १,४८९ मधली. पुढे स्वल्पविराम आणि तीन अंक असतील तर एक लाख अठ्ठेचाळीस हजार काहीतरी. स्वल्पविराम, दोन अंक, परत स्वल्पविराम आणि तीन अंक असतील तर एक कोटी अठ्ठेचाळीस लाखाच्या घरात. आणि पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी पद्धतीचे स्वल्पविराम, म्हणजे तीन तीन अंकांवर, सेट असतील तर १,४८०,००० पण होऊ शकतं, म्हणजे चौदा लाख ऐंशी हजार. चारच खुणा दिसतायत, एक, स्वल्पविराम, चार, आठ, आणि त्यातून दीड हजारापासून दीड कोटीपर्यंत काहीही निघतं.

पुतण्या म्हणेल की काका मी येडा आहे का, अप्पांचं कर्ज दोन लाखाचं होतं, व्याज धरून तीनाच्या जवळ गेलेलं, मग सेटलमेंट दीड हजार पण नसणार आणि कोटी पण नसणार. बरोबर आहे, हा तर्क मला पण पटतो. पण त्या तर्काने काय मिळालं? एक लाख अठ्ठेचाळीस हजारापासून एक लाख अठ्ठेचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत कुठलीही रक्कम, म्हणजे हजार वेगवेगळे आकडे. त्यातला शेवटी तीन शून्यं असलेला त्याने उचलला, कारण तोंडात गोल आकडा बसतो. बँकेच्या व्याजाच्या हिशोबाला गोल आकड्याचं काही प्रेम नसतं.

म्हणून मी अप्पांना म्हटलं, अंदाज घरी ठेवा, म्हणजे दीडेक लाख जवळ ठेवा एवढ्यापुरता तो कामाचा आहे, पण स्लिपवर अंदाज लिहायचा नाही. पासबुक घेऊन ब्रँचला जा. अप्पा थोडे चिडले, ऊन पण असं की अमळनेरला मार्चमध्येच डोकं तापतं, पण गेले. दोन तासांनी परत आले तेव्हा हातात साहेबाने दिलेला कागद होता. पूर्ण मजकूर असा होता:

"आपल्या कर्ज खात्यावर एकरकमी परतफेड योजनेनुसार भरायची रक्कम रु. १,४८,५०० आहे. ही रक्कम दि. २५/०३/२०२५ पर्यंत भरल्यास उर्वरित व्याज माफ होईल. मुदतीनंतर भरलेल्या रकमेला ही सवलत लागू राहणार नाही."

पाचशे रुपयांचा फरक आणि सहा दिवसांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण एकरकमी परतफेडीच्या पत्रात बहुधा अटच असते की ठरलेली सगळी रक्कम ठरलेल्या तारखेच्या आत यायला हवी, कमी आली तर ती नेहमीचा भरणा म्हणून जमा होते आणि सवलत जाते. म्हणजे पाचशे कमी पडले म्हणून पाचशेचं नुकसान होत नाही, माफ होणारं सगळं व्याज परत अंगावर येतं. म्हणूनच "जवळपास बरोबर" हा प्रकार इथे चालत नाही. भाजीत मीठ जवळपास चालतं, खात्यात नाही.

तारखेचं तर अजून गमतीशीर आहे. पुतण्याला मेसेजमध्ये तारीख दिसलीच नव्हती, तरी त्याने सांगितली. असं का होतं, तर मार्च म्हटलं की मार्च एंड हे आपल्या डोक्यात आधीच छापलेलं असतं. मोकळी जागा दिसली की डोकं ओळखीचं काहीतरी आणून तिथे बसवतं आणि नंतर आपल्याला वाटतं की ते आपण वाचलंच होतं. मी त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं तर शपथेवर म्हणे काका, मेसेजमध्ये मार्च होतं. नव्हतं.

आणि तारीख अर्धी दिसली तरी धोका तोच. "दि. १" वर तुटलं तर ती १ तारीख असेल किंवा १० ते १९ मधली कुठलीही. "दि. ३" वर तुटलं तर ३, ३० किंवा ३१. बरं समजा तारीख पूर्ण आली, "दि. २५/०३/२०२५" आणि तिथे मेसेज संपला. तरी तुम्हाला काय कळलं? पुढे "पर्यंत" असेल, "पासून" असेल, "पूर्वी" असेल, "नंतर" असेल. "पर्यंत" असेल तर २५ ला भरलेलं चालेल, "पूर्वी" असेल तर २४ ला भरलेलं बरं, "पासून" असेल तर २५ च्या आधी काउंटरवर कोणी घेणारच नाही.

हा प्रॉब्लेम मराठीत जास्त आहे, आणि ह्याच्यावर कोणी फारसं बोलत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्रजीत "टिल" किंवा "फ्रॉम" तारखेच्या आधी येतं, "नॉट" क्रियापदाला चिकटून वाक्याच्या मधेच येऊन जातं. शेपटी तुटली तरी निदान दिशा कळते. मराठीत सगळा जीव शेपटीत. पर्यंत, पासून तारखेच्या मागून येतात, आणि होकार की नकार ते तर अगदी शेवटच्या शब्दात. "आपला अर्ज मंजूर करण्यात आलेला" इथपर्यंत वाचून घरात पेढे वाटून झाले, आणि पुढे "नाही" असेल तर? "आपल्याला दंड भरावा लागणार" इथे तुटलं तर माणूस रात्रभर झोपणार नाही, आणि पुढे "नाही" असू शकतं. आपल्याकडे फोनवर बोलताना पण समोरचा वाक्य संपवायच्या आत आपण हो हो करतो, तीच सवय मेसेजला लागते. मराठी मेसेजला शेवटचं क्रियापद दिसलं नाही तर त्याचा अर्थ अजून ठरलेलाच नाही असं धरायचं, मग आधीची आठ दहा शब्दांची ओळ कितीही स्पष्ट वाटो.

आता कायद्याच्या शब्दांकडे येतो. इथे अंदाज सगळ्यात महाग पडतो, कारण आकडा चुकला तर निदान कोणीतरी काउंटरवर टोकतं, कलम चुकलं तर कोणी टोकत नाही, माणूस सरळ चुकीच्या दिशेने चालत राहतो.

माझ्या नात्यातल्या एक मावशी, किराणा दुकान आहे त्यांचं. घरावर बँकेचं कर्ज, हप्ते थकलेले. त्याच काळात एका व्यापाऱ्याला दिलेला त्यांचा एक चेक पण परत गेलेला. अशात त्यांच्या मुलाने पुण्याहून एक स्क्रीनशॉट टाकला, वकिलाच्या नोटिशीचा, त्याच्या फोनवर आलेला, आणि उजवी बाजू कापली गेलेली. दिसत होतं एवढंच: "…आपणास कलम १३". घरात सगळे बसले, शेव भाजी गार झाली, आणि एकमत झालं की हे १३८ आहे. १३८ म्हणजे चेक बाउन्स हे आता सगळ्यांना पाठ आहे, पोरांना पण. जेलची भीती म्हणून मावशींनी घराच्या हप्त्यासाठी जमवून ठेवलेले पैसे उचलून व्यापाऱ्याला देऊन टाकले.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने मूळ नोटीस हातात आली. मी स्वतः वाचली. ते १३८ नव्हतं. ते १३(२) होतं, सरफेसी कायद्याचं, २००२ चा कायदा, बँकेने घर तारण ठेवून दिलेल्या कर्जाच्या वसुलीचा.

दोन्हीत फरक किती ते बघा. १३८ हे चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं, सोप्या भाषेत चेक आणि हुंडीचा कायदा. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळलं की समोरच्याने ३० दिवसांच्या आत नोटीस द्यायची, नोटीस मिळाली की आपल्याकडे १५ दिवस, तेवढ्यात पैसे दिले तर विषय मिटतो, नाही दिले तर त्यानंतर एक महिन्याच्या आत तो कोर्टात तक्रार करू शकतो. हे फौजदारी प्रकरण, शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरफेसीचं १३(२) वेगळं. त्यात जेलचा विषय नाही, बँक म्हणते की ६० दिवसांत थकबाकी भरा. ह्या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत देऊ शकता आणि ती आली की बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे सगळं न करता ६० दिवस गेले की बँक १३(४) कडे जाते, म्हणजे तारण मालमत्तेचा ताबा.

म्हणजे "कलम १३" ह्या तुकड्यापुढे नुसता ८ आला तर चेकची फौजदारी, कंस आणि २ आला तर घराच्या कर्जाची ६० दिवसांची मागणी, कंस आणि ४ आला तर ताबा, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. एका अंकाने कायदा बदलला, घड्याळ बदललं, कुठे जायचं ते ऑफिस पण बदललं. मावशींच्या ६० मधले २१ दिवस तसेच गेले होते आणि पैसे दुसरीकडे. व्यापाऱ्याचे पैसे कधीतरी द्यायचेच होते हे मान्य, पण कोणते आधी हे ठरवताना चुकीचा कागद समोर होता. नशीब की ३९ दिवस हातात उरले होते, वकिलाने लेखी हरकत आणि हप्ते पाडून देण्याची विनंती अशी दोन्ही मुदतीत टाकली.

जाता जाता, शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. सरफेसीची ही कारवाई शेतजमिनीवरच्या तारणाला लागू होत नाही, कायद्याच्या कलम ३१ मध्येच तसं लिहिलेलं आहे. म्हणून अर्धवट मेसेजमध्ये "मालमत्तेचा ताबा" असं दिसलं आणि लगेच शेत गेलं असं कोणी ओरडलं तर त्यांना म्हणा थांबा, कुठली मालमत्ता ते आधी दिसू द्या. वसुलीचे दुसरे रस्ते असतात, शेतकऱ्याला काहीच होत नाही असं मी म्हणत नाहीये.

कलमाबाहेरचे शब्द पण असेच फसवतात. कागदावर "खरेदी" एवढंच दिसलं तर ते खरेदीखत असेल किंवा खरेदीचा नुसता करार असेल, पहिल्याने मालकी फिरते आणि दुसऱ्याने पुढे खरेदी करण्याचं वचन मिळतं. "मनाई हुकूम" च्या आधीचा "तात्पुरता" कापला गेला तर माणूस समजतो केसच संपली.

बरं, तुटलंय हे ओळखायचं कसं? मोजत बसायची गरज नाही, मी बसलो कारण मला तो नाद आहे. शेवटचं बघायचं. मराठी मेसेज क्रियापदावर न थांबता आकड्यावर, नामावर किंवा अर्ध्या शब्दावर थांबला असेल, शेवटी टिंब नसेल, बँकेच्या मेसेजला खाली एरवी येतं ते नाव नसेल, तर तो तुटलेला धरायचा. स्मार्टफोनवर वरून ओढलेल्या पट्टीत जे दिसतं ते तर नेहमीच कापलेलं असतं, मेसेज उघडून बघायचा. व्हॉट्सअॅपवर लांब मजकुराखाली "आणखी वाचा" असतं ते लोक दाबत नाहीत आणि स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलतात, मग तिसऱ्या माणसाला दाबायला काही उरतच नाही. सगळ्यात फसवा तुकडा मात्र तो, जो योगायोगाने पूर्ण वाक्यावर तुटतो. अप्पांच्या मेसेजचा फक्त तिसरा तुकडा हरवला असता तर शेवट "उर्वरित व्याज माफ" असा दिसला असता, आणि अर्ध्या गावाने ते पूर्ण वाक्य म्हणून वाचलं असतं, बातमीचं हेडिंग असतं तसं.

तुटलेलं पुढे सांगायचंच असेल तर जे दिसतं तेवढंच सांगायचं आणि तुटल्याची जागा पण सांगायची. मी आता चिठ्ठीवर असं लिहून देतो, "रु. १,४८ – इथे मेसेज तुटला, पुढचे अंक माहीत नाहीत, तारीख आलेली नाही." लोकांना विचित्र वाटतं, म्हणतात भाऊ एवढं काय. पण पुतण्याने काकांना सांगितलं तेव्हा तो "बहुतेक एक लाख अठ्ठेचाळीस" असं म्हणाला होता, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. काकांनी काकूंना सांगताना "बहुतेक" गळालं. माझ्या दुकानात पोचेपर्यंत तो बँकेचा आकडा झाला होता.

आणि विचारायचं ते पासबुकवरच्या नंबरवर किंवा ब्रँचला जाऊन. तुटलेल्या मेसेजच्या मागोमाग "पूर्ण मेसेज बघण्यासाठी इथे क्लिक करा" अशी लिंक आली तर तिला हात लावायचा नाही, तो अंदाजाच्या पण पुढचा खड्डा आहे. पाठवणाऱ्याकडून मेसेज परत मागवला तरी मी लोकांना म्हणतो की रक्कम अंकात आणि अक्षरात दोन्ही मागा, चेकवर आपण दोन्हीत लिहितो ते उगाच नाही, "एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे फक्त" मधला "फक्त" दिसला की समजायचं पुढे काही कापलेलं नाही.

अप्पांनी २१ तारखेला १,४८,५०० भरले, पावती माझ्याकडूनच लॅमिनेट करून घेतली. लॅमिनेशन करू नका, शाई उडते म्हणून सांगितलं, ऐकलं नाही. मग आधी दोन झेरॉक्स काढून ठेवल्या. आता सातबाऱ्यावरचा बोजा कमी व्हायचाय, त्याच्यासाठी परवा परत येणार आहेत, आणि फोन नवीन घ्यायला पुतण्याने त्यांना अजून तरी पटवलेलं नाही.